डायलिसिसच्या रुग्णाला भेटायला जाताय? शहाळे नेऊ नका

सांगली-साताऱ्यात रुग्णाला भेटायला जाताना पिशवीत शहाळे हमखास असते. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात मात्र ते साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अनेकदा आधी काही लक्षणही दिसत नाही.

मग काय न्यावे?

केळी आणि तासगावचा बेदाणा टाळावा. द्राक्षातले पाणी उडाल्याने तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यात पोटॅशियम जवळपास चौपट भरते. साताऱ्याचे कंदी पेढे खव्याचे असल्याने त्यात फॉस्फरसही असतो. पाणी मोजून दिले जात असेल, तर ज्यूसही नको.

त्यामानाने सफरचंद किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बरी. तीही थोडीच: एक लहान सफरचंद किंवा चार-पाच स्ट्रॉबेरी.

निघण्यापूर्वी घरच्यांना फोन करून किडनी, शुगर किंवा पाण्याचे पथ्य आहे का, हे विचारावे. वॉर्डात सिस्टरना दाखवूनच फळ रुग्णाच्या हातात द्यावे.