मांडीवरची पर्स आणि अंगावरचा नवा कुर्ता

खुर्चीत बसलेल्या एका बाईचा फोटो डोळ्यांसमोर आणा. अंगात निळा, पाऊण बाह्यांचा कुर्ता. पर्सचा पट्टा खांद्यावरून तिरका खाली आलेला, पर्स मांडीवर आणि पर्सवर दोन्ही हात. तिला खरेदीच्या ॲपवर पिवळा, चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता ‘घालून’ बघायचा आहे. उभ्या माणसाच्या समोरून काढलेल्या फोटोत हे आता बऱ्यापैकी साधतं. इथे मात्र पर्स गायब होते, पट्टा छातीवर मधेच तुटतो, एखादं बोट वाढतं. चूक नवा कुर्ता रंगवताना झाली असं वाटतं, पण बहुतेकदा ती त्याच्या आधी, जुना कुर्ता पुसताना झालेली असते.

नवा कपडा चढवण्याआधी बहुतेक प्रणाली जुन्या कपड्यावर मास्क टाकतात, म्हणजे तेवढा भाग कोरा करतात. हा मास्क कुर्त्याच्या नेमक्या कडेने कापला, तर कोऱ्या जागेच्या आकारातच जुन्या बाहीची लांबी उरते आणि नवी बाहीही तेवढीच निघते. म्हणून मास्क मुद्दाम ऐसपैस ठेवतात, त्यात हातही पुसले जातात. खांदा, कोपर, मनगट कुठे होतं याच्या खुणा प्रणालीने आधीच टिपून ठेवलेल्या असतात. त्यावरून हात पुन्हा काढता येतो. पर्सची मात्र अशी कोणतीच खूण नसते. एकदा पुसली की ती गेली.

बोटांची अडचण आणखी वेगळी. चित्र 1024 × 768 पिक्सेलचं असेल, तर अनेक प्रणाली ते आठपट आकसून 128 × 96 घरांच्या जाळीवर काम करतात. पूर्ण बसलेल्या माणसाच्या फोटोत एक बोट जेमतेम दहा-बारा पिक्सेल रुंद असतं. जाळीवर त्याच्या वाट्याला एक-दीड घर येतं. तेवढ्या जागेतून पाच बोटं नीट उभी राहणं कठीणच.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे बदलायचं नाही ते पुन्हा काढायचंच नाही. त्यासाठी दोन मास्क लागतात. एक कुर्त्याचा, ‘हे बदला’ सांगणारा; दुसरा ‘हे वर राहू द्या’ सांगणारा. आपल्या फोटोत सर्वांत वर हात, त्याखाली पर्स आणि पट्टा, सर्वांत खाली कुर्ता. मनगटापुढचे पंजे, पर्स आणि पट्टा दुसऱ्या मास्कमध्ये जातात. नवा कुर्ता या वस्तूंच्या खालूनही सलग काढला जातो आणि शेवटी मूळ फोटोतले हात व पर्स त्यावर जसेच्या तसे परत ठेवले जातात. चौकड्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जुळतात त्या यामुळेच.

दोन ठिकाणी जपावं लागतं. बोटांच्या फटींतून जुना निळा रंग डोकावतो, त्यामुळे फटी पहिल्या मास्कमध्येच हव्यात आणि राखलेल्या भागाची कड दोन-तीन पिक्सेल आत घ्यायला हवी. दुसरं म्हणजे पर्सची सावली. ती जुन्या कुर्त्यावर पडलेली असते आणि त्याच्याबरोबर पुसली जाते. ती नव्याने दिली नाही, तर पर्स चिकटवल्यासारखी दिसते.

मनगट ते कोपर हा भाग मात्र बाहीवर ठरतो. नवी बाही पूर्ण असल्याने तो झाकायचा आहे, म्हणून तो राखायचा नाही. नवा कुर्ता बिनबाह्यांचा असता, तर दंड काढावा लागला असता, आणि तो फोटोत कुठेच नाही. तिथली त्वचा, तीळ, गोंदण सगळं कल्पनेचंच.

बसल्यामुळे आणखी एक गोष्ट बदलते. दुकानातल्या फोटोत कुर्ता सपाट असतो. बसल्यावर तो कमरेशी मोडतो आणि मांडीवरचा भाग समोरून आखूड दिसतो. जुन्या पद्धती कापड रबरी पत्र्यासारखं ताणत, त्यामुळे चौकड्या लांबट होत. घडी काही पडत नसे. शिवाय 2021 साली आलेल्या, या क्षेत्रात खूप वापरल्या गेलेल्या ‘व्हिटॉन-एचडी’ संचातल्या 13,679 जोड्या समोरून टिपलेल्या स्त्रिया आणि वरच्या कपड्यांच्या आहेत. मांडीवर पर्स घेऊन बसलेलं माणूस अशा संचावर शिकलेल्या प्रणालीने क्वचितच पाहिलेलं असतं.

असं चित्र समोर आलं, तर आधी चेहरा किंवा रंग पाहू नका. पट्टा खांद्यापासून पर्सपर्यंत सलग आहे का, चौकड्या त्याच्या दोन्ही बाजूंना जुळतात का, बोटांच्या फटींत जुना रंग उरला आहे का, पर्सखाली सावली आहे का, एवढं तपासा. सगळं जुळलं तरी त्यावरून फक्त रंग आणि नक्षी ठरवा. बसल्यावर कुर्ता पोटाशी घट्ट होईल का, हे अशा चित्रावर विसंबून ठरवू नका. त्यासाठी टेपने माप घ्या आणि आकाराच्या तक्त्याशी ताडून बघा.