प्रश्न आणि उत्तर एकाच वाक्यात

'मला विश्रांती हवी आहे' आणि 'मला हवी आहे ती विश्रांती' या दोन्ही वाक्यांतली बातमी एकच आहे. पण दुसरं वाक्य आपण कधीही बोलत नाही. कुणी टॉनिक आणून दिलं, कुणी हवापालट सुचवला, कुणी डॉक्टर बदलायला सांगितलं, की मग आजारी माणूस म्हणतो, 'अहो, मला हवी आहे ती विश्रांती!' त्याला नेमकं काय हवंय, हा प्रश्न तोवर घरात सगळ्यांसमोर उभा राहिलेला असतो. वाक्याचा पहिला भाग तो प्रश्न उचलतो आणि दुसरा भाग उत्तर देतो. बोलताना आपण 'मला काय हवंय, तर विश्रांती' असंही म्हणतो. तिथे तर प्रश्न उघडच ऐकू येतो.

एक साधं वाक्य असं दोन तुकड्यांत फोडायचं आणि त्यातला एकच तुकडा पुढे आणायचा, या रचनेला इंग्रजी व्याकरणात 'क्लेफ्ट सेंटेन्स', म्हणजे दुभंगलेलं वाक्य म्हणतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९३७ मध्ये हे नाव वापरलं. इंग्रजीला या रचनेची गरज जास्त भासते, कारण तिथे कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम सहसा हलत नाही. मराठीत 'सविताने पत्र लिहिलं' याचं 'पत्र सविताने लिहिलं' केलं, की सविता क्रियापदाला चिकटते आणि भर आपोआप तिच्यावर जातो. इंग्रजी बोलताना आवाजाने जोर देता येतो, पण कागदावर आवाज नसतो. म्हणून तिथे 'इट वॉज सविता हू रोट द लेटर' असं लिहितात. मराठीतही ही वाट आहेच: 'पत्र लिहिलं ते सविताने.'

मला या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती तिचा पहिला तुकडा. तो काही सांगत नाही, गृहीत धरतो. कचेरीत साहेब विचारतात, 'फाइल हरवली ती तुमच्याकडूनच ना?' कारकून घाबरून म्हणतो, 'नाही साहेब, माझ्याकडून नाही.' त्याने आरोप नाकारला, पण फाइल हरवली हे मात्र नकळत कबूल केलं. 'तुमच्याकडून फाइल हरवली का?' या साध्या प्रश्नाला तेच 'नाही' पुरलं असतं आणि कबुलीही झाली नसती. दुभंगलेल्या वाक्यात नकार फक्त दुसऱ्या तुकड्याला लागतो. पहिला तुकडा खोडायचा तर वाक्याबाहेर पडून 'फाइल हरवलेलीच नाही' असं वेगळं सांगावं लागतं. वाक्यात काय गृहीत आहे हे ओळखायची खूणही हीच: त्याला नकार द्यावा, आणि तरी जे शिल्लक उरतं ते गृहीत.

पण गृहीत धरलेली गोष्ट ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असतेच असं नाही. भाषाशास्त्रज्ञ एलन प्रिन्स यांनी १९७८ मध्ये इंग्रजीतल्या दोन प्रकारांमधला फरक दाखवला. 'व्हॉट आय नीड इज रेस्ट' या प्रकारात पहिल्या तुकड्यातली गोष्ट त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात असू शकेल, अशी असावी लागते. 'इट वॉज' ने सुरू होणाऱ्या प्रकारात मात्र ती त्याला अगदी नवीन असली तरी चालते. मराठीत 'मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी' या वाक्याने लेख सुरू करता येतो. वाचकाला गाडीची काहीच माहिती नसली तरी तो अडखळत नाही. ही माझी टिप्पणी नव्हे, सर्वमान्य वस्तुस्थिती आहे, असा सूर त्या वाक्याला येतो. इतिहास लिहिणाऱ्यांना ही रचना म्हणूनच आवडते. वादग्रस्त मत याच सुरात मांडलं तर तेही वस्तुस्थितीसारखं वाचलं जातं, तेव्हा वाचकाने इथे जरा थांबावं.

मराठीच्या या रचनेत एक बारकावा आहे. 'हवी आहे ती विश्रांती' म्हणताना 'हवी' आणि 'ती' आधीच स्त्रीलिंगी होतात, म्हणजे उत्तर यायच्या आत त्याचं लिंग कळतं. 'मला हवंय ते म्हणजे विश्रांती' यात नपुंसकलिंगी 'ते' उत्तर शेवटपर्यंत झाकून ठेवतं. उत्कंठा हवी तिथे म्हणून दुसरी रचना बरी. पहिलीत आणखी एक अडचण आहे. 'मला हवी आहे ती विश्रांती इथे मिळत नाही' या वाक्यात तेच शब्द आहेत, पण वाक्य दुभंगलेलं नाही. तिथे 'ती' फक्त विश्रांतीचं वर्णन करते. बोलताना 'विश्रांती'वरचा जोर फरक सांगतो, लिहिताना पुढचे शब्द येईपर्यंत वाचक संभ्रमात राहू शकतो.

अनुवादांत मात्र अलीकडे 'तो सचिन होता ज्याने षटकार मारला' अशी वाक्यं दिसतात, आणि ती मला फार खटकतात. 'इट वॉज' चा सांगाडा जसाच्या तसा उचलून त्यावर मराठी शब्द चढवलेले असतात. 'होता ज्याने', 'होती जिने' असं जोडून आलं, की समजावं वाक्य बाहेरून आलंय. 'षटकार मारला तो सचिनने' एवढं पुरे, आणि बहुतेक ठिकाणी नुसतं 'षटकार सचिनने मारला' हेच पुरतं.