पगारपत्रकातली एक ओळ : ईएसआय कोणाला, किती पगारापर्यंत आणि आजारपणात काय

(लेखमाला : पगारपत्रक वाचताना – भाग ५)

मागच्या भागात भविष्य निर्वाह निधीची ओळ आपण वाचली. तिच्याखाली बहुतेक पगारपत्रकांत एक लहानशी कपात दिसते. रक्कम शे-दीडशेच्या घरात असते आणि नाव असते ‘ईएसआय’, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. रक्कम लहान असल्यामुळे तिच्याकडे कोणी फारसे बघत नाही. मग कामगार आजारी पडतो, महिनाभर घरी बसतो, आणि त्या कपातीच्या बदल्यात हातात पैसेही मिळणार होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ईएसआय म्हणजे चिंचवडचे किंवा मुलुंडचे कामगार रुग्णालय, तिथली रांग आणि गोळ्या, एवढीच ओळख अनेकांना असते. आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाई हा या योजनेचा दुसरा आणि तितकाच मोठा भाग आहे. या भागात मुख्यतः त्याविषयी.

योजना जुनी आहे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली इथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. त्या वेळी महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येत असे. ही मर्यादा पगारांच्या मागोमाग वाढत गेली. २०१० मध्ये ती १५ हजार झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपये आहे. अपंग कर्मचाऱ्यांसाठी ती २५ हजार आहे.

योजनेत कोणाला घ्यावेच लागते, हे ठरवताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात. पहिला प्रश्न आस्थापनेविषयी : तिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत का? दुसरा प्रश्न माणसाविषयी : त्याचे वेतन मर्यादेच्या आत आहे का? गफलत होते ती हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे. दहाची मोजदाद करताना पगार बघायचा नसतो. एका वर्कशॉपमध्ये सात कामगार पंधरा हजारांवर आहेत आणि तीन सुपरवायझर तीस हजारांवर, तर माणसे दहाच झाली. वर्कशॉप योजनेत आले, विमा मात्र त्या सात जणांचा उतरेल. ठेकेदाराची माणसेही मोजणीत धरली जातात. त्यांची वर्गणी ठेकेदाराने भरली नाही, तर मूळ मालकाला ती भरावी लागते आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी लागते. ‘ती माणसं आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत’ हे उत्तर इथे चालत नाही.

हंगामी कारखाने मात्र १९४८ च्या कायद्याने पहिल्यापासून वगळले. त्यामुळे ऊसगाळपाचे साखर कारखाने आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरण्या, म्हणजे ग्रामीण महाराष्ट्रातला रोजगाराचा मोठा भाग, या छत्राबाहेर राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. दहा माणसांची अट आता देशभर एकसारखी आहे आणि सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एक माणूस असला तरी योजना लागू करता येते. वेतनाची व्याख्याही बदलली. घरभाडे, प्रवास असे भत्ते वेतनातून वगळले जातात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. म्हणून पगारपत्रकातली एकूण रक्कम २१ हजारांच्या वर दिसते, एवढ्यावरून आपण योजनेबाहेर आहोत असे कोणी समजू नये. व्याख्येप्रमाणे वेतन किती निघते, हे आस्थापना विभागाला विचारावे.

वर्गणी वेतनाच्या चार टक्के आहे. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. ज्याची सरासरी रोजची मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून काहीही घेतले जात नाही, मालकाचा वाटा तेवढा भरला जातो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्या जागी येऊ. ईएसआयचे वर्ष सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-काळांत विभागलेले आहे : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक वर्गणी-काळाला त्याचा लाभ-काळ जोडलेला असतो आणि तो तीन महिने सोडून सुरू होतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये हक्क मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. शेतात आज पेरलेले लगेच कापता येत नाही, तसेच हे.

आजारपणाचा रोख लाभ मिळण्यासाठी त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. आठवड्याला सहा दिवस धरले तर सहा महिन्यांचे कामाचे दिवस १५६ होतात, त्यांचे हे निम्मे. ही अट पुरी झाली की सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, लागोपाठच्या दोन लाभ-काळांत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस, मिळते. आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. मात्र आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापले जात नाहीत.

एक हिशेब मांडून बघू. समजा, भोसरीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुरेश मशीन ऑपरेटर आहे. एप्रिलमध्ये त्याचे वेतन १९,५०० रुपये आहे. जुलैपासून वाढ मिळून ते २२,००० होते. मर्यादा तर २१ हजारांची आहे, मग जुलैपासून कपात थांबणार का? थांबत नाही. वर्गणी-काळ सुरू होताना जो मर्यादेत होता, तो सप्टेंबरअखेरपर्यंत योजनेत राहतो, आणि त्याची वर्गणीही २१ हजारांवर न थांबता पूर्ण २२ हजारांवर कापली जाते. पहिले तीन महिने सुरेशचे १४७ रुपये जातात, पुढचे तीन महिने १६५ रुपये. सहा महिन्यांत सगळे मिळून ९३६ रुपये. ऑक्टोबरपासून तो योजनेबाहेर पडतो आणि कपात बंद होते.

फेब्रुवारीत सुरेशला कावीळ होते आणि डॉक्टर २४ दिवसांची विश्रांती लिहून देतात. त्याचा ईएसआय तर चार महिन्यांपूर्वीच बंद झालेला. इथेच बहुतेक जण हात झटकतात : कामगार स्वतः, आणि बऱ्याचदा कारखान्यातला कारकूनही. पण एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ-काळ जानेवारी ते जून आहे आणि ७८ दिवसांची अट सुरेशने केव्हाच पार केली आहे. म्हणून फेब्रुवारीत त्याचा हक्क शाबूत आहे.

त्या सहा महिन्यांचे त्याचे वेतन १,२४,५०० रुपये झाले. पगार मिळालेल्या १८३ दिवसांनी भागले की रोजची सरासरी साधारण ६८० रुपये येते. तिचे ७० टक्के म्हणजे रोज ४७६ रुपये. पहिले दोन दिवस सोडून २२ दिवसांचे सुमारे १०,४७० रुपये त्याला मिळायला हवेत. मात्र कारखान्याने यातल्या काही दिवसांची पगारी रजा दिली असेल, तर त्या दिवसांचा लाभ मिळत नाही. बुडालेल्या पगाराची भरपाई हाच या रकमेचा हेतू आहे.

नव्याने लागलेल्या कामगाराचे गणित वेगळे आहे. उपचार त्याला पहिल्या दिवसापासून मिळतात, कुटुंबालाही मिळतात. रोख लाभाचा काळ मात्र नोकरी लागल्यापासून नऊ महिने उलटल्यावर सुरू होतो. १ जानेवारीला कामावर लागलेल्याला ऑक्टोबरच्या आधी आजारपणाचे पैसे मिळणार नाहीत. त्याचा पहिला वर्गणी-काळ तीनच महिन्यांचा असल्याने ७८ दिवसांचा आग्रहही नसतो, त्या काळातल्या कामाच्या दिवसांपैकी निम्मे भरले तरी पुरते.

काही आजार ९१ दिवसांत आटोपत नाहीत. क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी आणि चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ८० टक्के दराने लाभ पुढे चालू राहतो. तो दोन वर्षांपर्यंतही जाऊ शकतो. कामावर झालेल्या अपघाताचे नियम याहून निराळे आहेत. तिथे दर ९० टक्के असतो आणि वर्गणीच्या दिवसांची अट नसते.

पैसे मिळण्याचा रस्ता दाखल्यांतून जातो. आजारी पडल्यावर आधी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा नेमून दिलेल्या विमा डॉक्टरकडे जावे लागते. तिथे पहिला दाखला मिळतो, मग साधारण आठवड्याआठवड्याला मधला दाखला आणि शेवटी कामावर जाण्यायोग्य असल्याचा अखेरचा दाखला. हे दाखले दाव्यासोबत शाखा कार्यालयात द्यायचे असतात आणि पैसे बँक खात्यात जमा होतात. अनेक जण इथेच चुकतात. गावी जाऊन खासगी डॉक्टरकडे उपचार घेतात आणि परतल्यावर त्याची चिठ्ठी घेऊन येतात. लाभ घेत असताना योजनेतल्या डॉक्टरच्या उपचाराखाली राहणे आणि परवानगीशिवाय तो भाग न सोडणे, ही नियमातली अट आहे. गावी जायचेच असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना सांगून परवानगी घ्यावी.

दुसरी चूक कामगाराच्या हातात नसते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. मग एकाच माणसाची पन्नास दिवसांची वर्गणी एका क्रमांकावर आणि चाळीस दिवसांची दुसऱ्यावर पडते. दोन्ही ठिकाणी ७८ भरत नाहीत आणि नव्वद दिवस वर्गणी देऊनही माणूस रिकाम्या हाताने परततो. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो आयुष्यभर एकच राहायला हवा. नोकरी बदलताना तो स्वतःहून पुढे करावा आणि दोन क्रमांक झालेच असतील तर शाखा कार्यालयात अर्ज करून ते जोडून घ्यावेत.

याहून गंभीर प्रकार म्हणजे पगारातून कपात करून ती न भरणे, किंवा सव्वीस दिवस काम करून घेऊन दहाच दिवस दाखवणे. मालकाच्या अशा कसुरीमुळे लाभ बुडत असेल, तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यासाठी कामगाराकडे पुरावा लागतो, आणि पगाराच्या पावत्या व हजेरीची नोंद हाच तो पुरावा. म्हणून पावत्या फेकू नयेत.

esic.gov.in या संकेतस्थळावर विमाधारकाच्या खात्यात प्रत्येक महिन्याची वर्गणी आणि तिचे दिवस दिसतात. वाचकांनी या आठवड्यात आपल्या मागच्या सहा महिन्यांचे दिवस तिथे मोजावेत आणि पगारपत्रकाशी ताडून पाहावेत. बेरीज ७८ च्या खाली असेल आणि प्रत्यक्ष काम जास्त झाले असेल, तर आजारी पडण्याची वाट न बघता शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

(पुढील भागात : कामावर झालेला अपघात आणि ईएसआयचा अपंगत्व लाभ)