पाणीपट्टीचे बिल वाढले? मागील तीन बिले शेजारी ठेवून पाहा

प्रतिनिधी

पाणीपट्टीचे बिल अचानक दुप्पट-तिप्पट आले की बहुतेक नागरिक थेट प्रभाग कार्यालय गाठतात आणि 'एवढे पाणी आम्ही वापरलेच नाही' असे सांगतात. लिपिकाचे उत्तरही ठरलेले असते, 'मीटरप्रमाणे बिल आले आहे.' हा वाद तोंडी कधीच मिटत नाही. तो मिटतो तो बिलावर छापलेल्या दोन आकड्यांवरून. 'मागील वाचन' आणि 'चालू वाचन' हे ते आकडे. लागोपाठच्या बिलांवर ते नीट तपासले तर चूक वापरात आहे की हिशेबात, हे घरबसल्या कळू शकते. तक्रार अर्जाचा सारा भार याच आकड्यांवर असतो.

तपासणीचा नियम साधा आहे. मीटर मागे फिरत नाही आणि उडीही मारत नाही. त्यामुळे गेल्या बिलावरील चालू वाचन हेच या बिलावर मागील वाचन म्हणून आले पाहिजे. ही साखळी जेथे तुटते तेथे चूक असते. घरगुती मीटरवरील काळे आकडे घनमीटर दाखवितात. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर, आणि बिलावरील 'युनिट' बहुधा हेच असते. लाल आकडे हे घनमीटरचे अंश असून ते बिलात धरावयाचे नसतात. वाचन घेणाऱ्याने चुकून एक लाल आकडाही लिहून घेतला, तर वाचन एकाएकी एका अंकाने लांबलेले दिसते.

अंदाजे बिलाचा फेरा

सर्वाधिक घोळ होतो तो अंदाजे आकारणीत. मीटर वाचक आला तेव्हा घर बंद होते, मीटरच्या खड्ड्यात पाणी साचले होते किंवा काचेवर बाष्प होते, तर मागील सरासरीवरून बिल काढले जाते. अशा बिलावर 'सरासरी', 'घर बंद' यांसारखा शेरा किंवा एखादे सांकेतिक अक्षर असते. ते बारीक छापलेले असल्याने सहसा नजरेतून सुटते. पुढच्या वेळी खरे वाचन मिळाले की अंदाजाने घेतलेली रक्कम वजा होणे अपेक्षित असते. ती वजा झाली नाही, तर त्याच पाण्याचे पैसे दोनदा भरावे लागतात.

उदाहरणादाखल एका कुटुंबाची तीन त्रैमासिक बिले पाहू. जानेवारी ते मार्चच्या बिलावर मागील वाचन १४१२, चालू वाचन १४६६ आणि वापर ५४ युनिट. एप्रिल ते जूनमध्ये घर बंद असल्याने सरासरीने ५४ युनिटची आकारणी झाली आणि ती रक्कम भरलीही गेली. जुलै ते सप्टेंबरच्या बिलावर मात्र मागील वाचन पुन्हा १४६६, चालू वाचन १५७१ आणि वापर १०५ युनिट. '१४६६' हा आकडा दुसऱ्यांदा दिसला, तेथेच चूक उघडी पडते. हे १०५ युनिट तीन महिन्यांचे नसून सहा महिन्यांचे आहेत, आणि त्यांतील ५४ युनिटचे पैसे आधीच भरलेले आहेत. बाकी राहतात केवळ ५१ युनिट.

रकमेतील फरक याहून मोठा असतो, कारण दर टप्प्याटप्प्याने वाढतात. समजा, तिमाहीला पहिल्या ६० युनिटला आठ रुपये व त्यापुढे सोळा रुपये दर आहे. १०५ युनिट एकाच तिमाहीत दाखविल्यास ६० युनिटचे ४८० आणि उरलेल्या ४५ युनिटचे ७२० असे १२०० रुपये होतात. प्रत्यक्षात १०५ युनिट दोन तिमाहींत विभागले, तर सारा वापर पहिल्याच टप्प्यात बसतो. ५१ युनिटचे आठ रुपये दराने ४०८ रुपये देय ठरतात. म्हणजे ७९२ रुपये जास्तीचे लागले. आपल्या शहराचे टप्पे व दर बिलाच्या मागील बाजूस किंवा पालिकेच्या दरपत्रकात पाहून हाच हिशेब मांडावा.

अर्ज कसा लिहावा?

अर्ज पाणीपुरवठा विभागाच्या प्रभाग कार्यालयाच्या नावे करावा. त्यात रोष किंवा आरोप नसावेत. आकडे, मागणी आणि सोबत जोडलेले कागद एवढेच असावे. वरील उदाहरणातील अर्ज असा होईल :

> विषय : जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या पाणी देयकात दुरुस्ती होणेबाबत.
> ग्राहक क्रमांक : …… मीटर क्रमांक : ……
>
> महोदय,
> उपरोक्त देयकात मागील वाचन १४६६ दर्शविले आहे. हे वाचन जानेवारी ते मार्चच्या देयकातील चालू वाचन आहे. एप्रिल ते जून या तिमाहीसाठी ५४ युनिटची सरासरी आकारणी करण्यात आली असून ती रक्कम मी भरली आहे. सबब, १०५ युनिटचा वापर सहा महिन्यांचा असून त्यातून ५४ युनिट वजा होणे आवश्यक आहे. दिनांक २० ऑक्टोबर रोजी मीटरवरील वाचन १५८३ आहे. तरी वापर दोन तिमाहींत विभागून ५१ युनिटचे सुधारित देयक द्यावे. निर्णय होईपर्यंत विवादित रकमेवर विलंब आकार लावू नये व नळजोडणी खंडित करू नये, ही विनंती. मान्य रक्कम ४०८ रुपये हरकत राखून भरण्यास मी तयार आहे.
> सोबत : तिन्ही देयकांच्या व पावतीच्या प्रती, मीटरचे छायाचित्र.

अर्जातील २० ऑक्टोबरचे वाचन वाया जात नाही. ३० सप्टेंबरच्या १५७१ पासून वीस दिवसांत १२ युनिट, म्हणजे दिवसाला सुमारे ६०० लिटर. तिमाहीला ५४ युनिट हेच प्रमाण येते. नेहमीचा वापर बदललेला नाही, हे यातून आपोआप सिद्ध होते. छायाचित्रात मीटर क्रमांक व आकडे दोन्ही स्पष्ट दिसावेत. मीटर क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. इमारतीत शेजारी शेजारी बसविलेल्या मीटरांची अदलाबदल झाल्याचेही कधी यातून उघड होते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. हा पोच नसेल तर पुढील पाठपुरावा कठीण होतो. बिलाची अंतिम मुदत टळण्यापूर्वीच अर्ज द्यावा. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून आपल्या मीटरच्या वाचन नोंदवहीची प्रत मागता येते. माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वाचक कोणत्या तारखेला आला व त्याने काय नोंदले, हे त्या पानावरून समजते.

आकडे जुळले तर?

साखळी न तुटता वापर वाढलेला दिसला, तर हा अर्ज उपयोगी पडणार नाही. अशा वेळी पाण्याची टाकी भरून नळाला पाणी असताना घरातील सारे नळ बंद करावेत आणि मीटरवरील लहान चक्री पाहावी. ती फिरत राहिली तर मीटरपुढे कोठेतरी गळती आहे. जमिनीखालील नळी किंवा टाकीचा न बसणारा फ्लोट ही त्याची नेहमीची कारणे. चक्री स्थिर असूनही बिल जास्त येत असल्यास एक बादली मोजून पाणी काढावे आणि लाल आकडे तेवढेच पुढे सरकतात का ते पाहावे. फरक आढळल्यास मीटर तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ठरावीक वेळी पाणी सोडणाऱ्या शहरांत नळीतील हवेनेही मीटर फिरतो. पाणी येण्यापूर्वीच चक्री फिरताना दिसली, तर तीही बाब तपासणीच्या अर्जात नमूद करावी.