विश्लेषण : ‘नमस्कार’नंतर पुढे काय बोलायचे?

कोकणात निघालेली रेल्वे, पावसाळ्याचे दिवस. खिडकीशी पंचविशीतली एक तरुणी. पनवेलला साठीचे एक काका चढतात, समोर बसतात. ‘नमस्कार’ होतो. पुढचे वाक्य कोणते असावे, यावर पुढचे चार तास सुखाचे जाणार की कानात इअरफोन घालून काढावे लागणार, हे बरेचसे ठरते.

पावसापाण्याच्या गप्पा कशासाठी?

माहिती मिळवण्यासाठी नव्हे. पाऊस पडतो आहे हे दोघांनाही दिसत असते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याचा विचार मांडला. अनोळखी माणसाचे गप्प बसणे आपल्याला अस्वस्थ करते. तो शत्रू नाही एवढे समजण्यापुरते हे बोलणे असते. म्हणूनच ‘काय उकडतंय’ या वाक्याचे उत्तर थर्मामीटरवरचा आकडा नसतो.

प्रत्येक वाक्य सारखेच निरुपद्रवी असते का?

नाही. एडिंबराचे भाषाशास्त्रज्ञ जॉन लेव्हर यांनी १९७५ मध्ये अशा वाक्यांचे तीन प्रकार केले. पहिला, दोघांच्या समोर असलेल्या गोष्टीबद्दल : हवा, गाडी, गर्दी. दुसरा, स्वतःबद्दल : ‘जिना चढून दम लागला.’ तिसरा, समोरच्याबद्दल : ‘तुम्ही कुठले?’ त्यांच्या मते अधिकाराने मोठा असलेला सहसा तिसरा प्रकार वापरतो, लहान दुसरा. पहिला कोणालाही चालतो. आपल्याकडे वयाचा मान मोठा, त्यामुळे काकांच्या प्रश्नाला उत्तर टाळणे त्या तरुणीला अवघड जाते. सांभाळायची जबाबदारी म्हणूनच मोठ्यांवर अधिक.

मग त्या डब्यात काय होईल?

समजा, काका म्हणाले, ‘‘पनवेलपर्यंत तरी वेळेवर आली म्हणायची.’’ हा प्रश्नच नाही. ती नुसती हसली तरी चालते. ती म्हणाली, ‘‘हो ना, मागच्या वेळी इथेच तासभर थांबली होती.’’ तिने मागितल्यापेक्षा थोडे जास्त दिले, म्हणजे बोलायला तिची हरकत नाही. काका : ‘‘पावसात वेळापत्रकच वेगळं असतं म्हणा. मी चिपळूणला उतरणार.’’ इथे त्यांनी आधी स्वतःचे सांगितले, तिला विचारले नाही. सांगायचे असेल तर तिला वाट मोकळी. ती म्हणते, ‘‘मी रत्नागिरी.’’

आता खरी कसोटी. ‘‘माहेर की सासर?’’ हा प्रश्न जिभेवर येतो. विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो, पण त्यात लग्न झाले का, ही चौकशी दडलेली आहे. ‘‘आडनाव काय?’’ हेही तसेच. ऐकणाऱ्याला त्यात जातीची विचारणा दिसते. ‘‘एकट्याच निघालात?’’ हा तर अनोळखी पुरुषाने विचारूच नये. त्याऐवजी ‘‘रत्नागिरीत पाऊस कसा आहे यंदा?’’ म्हटले की गप्पा तिच्या गावाकडे वळतात, तिच्या घरात शिरत नाहीत.

समोरच्याला बोलायचे नाही, हे कसे ओळखावे?

उत्तराच्या लांबीवरून. ‘हो’, ‘बरा आहे’ अशी दोन तुटक उत्तरे आली, उलट प्रश्न आला नाही आणि नजर मोबाइलवर गेली, की थांबावे. एक तुटक उत्तर म्हणजे थकवाही असू शकतो. दोन म्हणजे बहुधा नकारच.

मग ‘कुठे निघालात?’ हे गावाकडे सर्रास विचारतात, ते?

तिथे ती चौकशी नसते, ‘नमस्कार’चाच एक प्रकार असतो. ‘‘जरा जाऊन येतो’’ एवढे उत्तर पुरते, ठिकाण सांगावे लागत नाही. गंमत म्हणजे घरातून निघालेल्याला ‘कुठे?’ विचारू नये, असे जुनी माणसे बजावत असत. कारण अपशकुनाचे सांगत, पण निघणाऱ्याची उत्तर देण्यातून सुटका होत असे.

हवेचा विषय कधी चुकतो?

जिथे हवा म्हणजे पोटाचा प्रश्न असतो तिथे. पेरणी करून पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘‘काय छान ऊन पडलंय’’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. त्याला ‘‘तुमच्याकडे पाऊस झाला का?’’ विचारले, तर उत्तर ऐकून घ्यायची तयारी हवी. ते दोन शब्दांत संपणार नाही. प्रवासाचेही तसेच. ‘‘प्रवास कसा झाला?’’ हे लग्नघरी शोभते. दुःखाच्या घरी आलेल्याला पाण्याचा तांब्या पुढे करून ‘‘बसा’’ म्हणणे पुरेसे.

आणि निरोप?

चिपळूण आले. काका पिशवी उचलतात. ‘‘येतो मी. आता घाट नाही, पण बोगदे आहेत, रेंज जाईल.’’ ती : ‘‘हो, सांभाळून उतरा, फलाट ओला असेल.’’ नावे दोघांनीही विचारलेली नसतात.