थेंबामागचा डोंगर

पावसाळ्यात घाटातल्या स्टेशनावर गाडी थांबते. वातानुकूलित डब्याच्या बंद काचेतून समोरच्या डोंगराचा फोटो काढला, तर डोंगरासोबत काचेवरचे थेंब आणि बोटांचे डागही त्यात उतरतात. दोन्ही फोटोतून काढता येतात, पण एकाच उपायाने नाही.

डाग मागून येणारा प्रकाश पूर्ण अडवत नाही. तो थोडा गिळतो आणि वर स्वतःचा धुरकटपणा मिसळतो. समजा, डागातून ६० टक्के प्रकाश पार होतो आणि वर ४० एवढा उजेड मिसळतो. मग २०० उजेडाचं आभाळ १६० दिसेल आणि ५० ची झाडी ७०. हिशेब उलटा करायचा: ४० वजा करा, ०.६ ने भागा; आभाळ पुन्हा २००, झाडी पुन्हा ५०. मात्र भागाकारात फोटोतले बारीक दाणेही वाढतात. म्हणून डाग जितका दाट, तितका सुधारलेला भाग खरखरीत दिसतो.

थेंबाचं तसं नाही. तो इवलंसं भिंग असतो. आजूबाजूचं विस्तीर्ण दृश्य तो उलटं करून आपल्यात कोंबतो. त्याच्या बरोबर मागे असलेल्या झाडाचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचतच नाही. जे नोंदलंच नाही, ते गणिताने परत येत नाही. दुसरीकडून आणावं लागतं.

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे पुढचा फोटो. गाडी थांबलेली असतानाच कॅमेरा दर वेळी एक-दोन सेंटिमीटर बाजूला सरकवून पाच फोटो घ्या. दूरचा डोंगर जवळपास जागेवरच राहतो, जवळचा थेंब मात्र सरकतो. डोंगर जुळेल अशा रीतीने फोटो एकमेकांवर ठेवले, की एकाच बिंदूचे पाच आकडे मिळतात: ११८, १२१, २०१, ११९, १२०. चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा: १२०. थेंबाचा २०१ आपोआप गळतो. निम्म्याहून जास्त फोटोंत तोच बिंदू झाकला गेला, तर मात्र ही युक्ती फसते. फलाटावरचा माणूस हलला, तर तोही अर्धवट पुसला जातो.

एकच फोटो असेल, तर संगणकाला शिकवावं लागतं. रुई चियान आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यासाठी फोटोंच्या १,११९ जोड्या तयार केल्या. प्रत्येक जोडीतला एक फोटो पाणी फवारलेल्या काचेतून, दुसरा तशाच कोरड्या काचेतून. दुसऱ्या वेळी काच काढूनच टाकली असती, तर तिच्यामुळे वळणारा प्रकाश सरळ आला असता आणि दृश्य किंचित सरकून जोडी जुळली नसती. अशा जोड्यांवरून संगणक आधी थेंब कुठे आहेत ते हेरतो, मग भोवतालचं पाहून ती जागा भरतो.

झाडी किंवा आभाळ असेल, तर हे भरणं सहसा खपून जातं. पण थेंबाखाली गाडीच्या नंबरप्लेटचा आकडा असेल, तर संगणक तिथे शोभेल असा आकडा बसवेल, खरा असेलच असं नाही. खरा आकडा हवा असेल, तर त्याच जागेचा थेंब नसलेला दुसरा फोटोच लागतो.