पाच वर्षांचा हिशेब कुठून धरतात?

भविष्य निर्वाह निधीतली रक्कम करमुक्त मिळायला सलग पाच वर्षांची नोकरी लागते. ती एकाच कंपनीतली असावी, असं मात्र नाही. जुन्या कंपनीतली शिल्लक नव्या खात्यात वर्ग केली, तर आधीची वर्षंही मोजली जातात. अनेकांचं नुकसान होतं ते नेमकं इथेच.

समजा, पहिली नोकरी तीन वर्षं चार महिने आणि दुसरी दोन वर्षं झाली. शिल्लक वर्ग केली असेल, तर एकूण पाच वर्षं चार महिने भरतात आणि पैसे काढले तरी कर लागत नाही. पण नोकरी बदलतानाच पहिल्या खात्यातले २,४०,००० रुपये काढले, तर पॅन जोडलेला असल्यास दहा टक्के, म्हणजे २४,००० रुपये टीडीएस कापला जातो. तेवढ्यावर सुटका होत नाही. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात धरलं जातं, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात. स्वतःच्या वाट्यावर ८०सीची सवलत घेतली असेल, तर तीही परत जाते. शिवाय दुसऱ्या नोकरीची मोजणी शून्यापासून सुरू होते.

यूएएन एकच असला म्हणून शिल्लक एकत्र झाली असं समजू नका. पासबुकात दोन्ही सदस्य क्रमांक उघडून पाहा. आजारपणामुळे किंवा कंपनी बंद पडल्याने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागू होत नाही.